पायाला फोड येऊ नये म्हणून

एका वारीत आम्ही कोरे बूट घालून पुण्याहून सासवडला निघालो. पावसात मोजे भिजले, तरी तसेच चालत राहिलो. दिवे घाट चढताना टाच चुरचुरू लागली, थांबलो नाही. मुक्कामी पाहतो तर रुपयाएवढा फोड! ओली कातडी घासली, की फोड लवकर येतो.

तेव्हापासून आम्ही महिनाभर वापरलेले, मऊ तळाचेच बूट घालतो. चालून पाय सुजतात, म्हणून बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवतो. विसाव्याला कोरडे मोजे चढवतो. चुरचुरलं, की तिथंच बसायचं, पाय कोरडा पुसायचा, चिकटपट्टी लावायची. फोड आलाच तर फोडायचा नाही. वरची कातडी हेच त्याचं पांघरूण.