साथ सेवकाची, सूर भजनाचा

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील भजनी मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण ज्या परिसरात राहतो, त्याच्या एका अंगाला देहू आहे, दुसऱ्या अंगाला आळंदी आहे आणि मधोमध चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्याच आकुर्डीपासून भोसरी-चाकणपर्यंत कारखान्यांचे भोंगे वाजतात आणि माणसे तीन पाळ्यांत विभागली जातात. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेले कामगार एकाच वसाहतीत राहतात, एकाच मंडळात टाळ हाती घेतात. मात्र सोमवारी मृदंगवाला रात्रपाळीला असतो आणि पुढच्या सोमवारी पेटीवाला दुसऱ्या पाळीला. एकादशी कोणाच्या पाळीसाठी थांबत नाही. मग भजन साथीविना होते किंवा होतच नाही.

यावर एक मर्यादित उपाय आज सांगायचा आहे. आपल्याच मृदंगवाल्याचा ठेका आणि आपलाच तंबोरा ध्वनिमुद्रित करून एक साधी पार्श्वसाथ तयार करायची. त्यासाठी एक संगणक, एक मोबाइल आणि Audacity ही विनामूल्य, मुक्त परवान्याची प्रणाली एवढे पुरते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ती सुरू केली व 2000 साली ती सर्वांसाठी खुली झाली. तिची प्रत कोणालाही देता येते, त्यात कसलीही चोरी नाही.

आधी सूर, मग लय

एक उदाहरण घेऊन चालू. पुरुष मंडळ आहे, तुकोबांचा एक अभंग पारंपरिक चालीत म्हणायचा आहे, मुख्य गायकाचा षड्ज काळी एक आहे आणि ठेका आठ मात्रांचा भजनी.

पहिले काम संगणकावर नाही, बैठकीत आहे. गायकाला साथीविना, त्याच्या सहज लयीत अभंग म्हणू द्या. समेपासून समेपर्यंत चार आवर्तने, म्हणजे बत्तीस मात्रा, किती सेकंदांत होतात ते घड्याळावर मोजा. समजा, वीस सेकंद लागले. मग एक आवर्तन पाच सेकंदांचे आणि लय मिनिटाला 96 मात्रांची झाली. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचे सारे काम त्यावर उभे आहे. आधी ठेका बनवून गायकाला त्यात बसवायला गेलात, तर श्वास तुटतो आणि शब्द ओढले जातात.

तंबोरा

तंबोऱ्याच्या पहिल्या तारेवर मंद्र पंचम, मग जोडीच्या दोन षड्जाच्या तारा आणि शेवटी खरज. चालीत पंचम वर्ज्य असेल, उदाहरणार्थ मालकंसात, तर पहिली तार मध्यमावर लावावी लागते. हे विसरले तर पुढे कोणतीही तांत्रिक करामत उपयोगी पडत नाही.

तंबोरा नेमका काळी एकमध्ये आहे का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. Audacity मध्ये Generate या यादीतील Tone निवडा व 277.18 हा आकडा द्या. हा काळी एकचा तार षड्ज. तो हळू वाजत ठेवून जोडीची तार छेडा. दोन्ही आवाज मिळून लाटांसारखे कमी-जास्त होत असतील, तर सूर जुळलेला नाही. लाटा संथ होत होत थांबल्या की तार लागली. मात्र हा यांत्रिक स्वर केवळ मोजपट्टी म्हणून वापरा, तंबोऱ्याच्या जागी नको. मिरजेच्या कारागिराने घोडीवर साधलेली जवारी त्यात नसते आणि पाच मिनिटांत तो कानाला टोचू लागतो. खरा तंबोरा नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा मुद्रित करा, तो चालतो.

येथे एक अडचण हमखास येते. मोबाइलमध्ये पार्श्वगोंगाट आपोआप दाबण्याची सोय असते. तंबोऱ्याचा अखंड नाद तिला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो आणि ती तो खाऊन टाकते. मुद्रण ऐकताना पहिले दोन-तीन सेकंद भरीव आणि नंतर नाद बुडाल्यासारखा वाटला, तर हेच झाले असे समजा. ती सोय बंद करा किंवा ती नसलेले दुसरे ध्वनिमुद्रण ॲप घ्या. पंखा बंद करा, मोबाइल घडीच्या चादरीवर हात-दीड हात अंतरावर ठेवा.

तंबोऱ्याचा छोटा तुकडा कापून तो पुन्हा पुन्हा जोडण्याचा मोह टाळा. तारेचा नाद पुढच्या तारेत मिसळत असतो. मध्येच कापले की प्रत्येक सांध्यावर तो तुटतो. त्यापेक्षा सात-आठ मिनिटे सलग छेडून घ्या. छेडण्याची गती ठेक्याशी जुळवू नका. डोळे मिटून केवळ तंबोरा ऐकताना तुम्हाला मात्रा मोजता येऊ लागल्या, तर तो तंबोरा न राहता दुसरा ठेका झाला.

ठेक्याचा सांधा

आता मृदंग. मृदंगवाला ज्या दिवशी मोकळा असेल त्या दिवशी त्याला बोलवा. शाईची बाजू त्याच काळी एकच्या षड्जात मिळवून घ्या, कारण मृदंगालाही सूर असतो आणि तो तंबोऱ्याशी भांडला तर श्रोत्याला कारण कळत नाही, पण अस्वस्थता जाणवते. Generate मधील Rhythm Track ने 96 ची टिकटिक तयार करा आणि ती त्याच्या कानात इअरफोनने द्या. बाहेर वाजली तर तीही मुद्रित होईल. त्याला दोन-तीन मिनिटे वाजवू द्या आणि त्यातली सर्वांत स्थिर चार आवर्तने निवडा.

चार कशासाठी? एकाच आवर्तनाची पुनरावृत्ती दर पाच सेकंदांनी तीच थाप तशीच ऐकवते आणि कान लगेच यंत्र ओळखतो. चार आवर्तनांत, चौथ्याच्या शेवटी समेकडे नेणारी छोटी उठाण असली, तर ठेका माणसाचा वाटतो.

निवड समेच्या थापेच्या किंचित आधी सुरू करा आणि पाचव्या आवर्तनाच्या समेआधी तेवढ्याच अंतरावर संपवा. लांबी नेमकी 20 सेकंद भरली पाहिजे. Z ही कळ दाबली की निवडीची टोके ध्वनिरेषा शून्यावर असते तेथे सरकतात आणि सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. त्यानंतर लांबी पुन्हा पाहून घ्या. मग Effect यादीतील Repeat ने हा तुकडा सतरा वेळा पुढे जोडा. मूळ धरून अठरा तुकडे, म्हणजे 72 आवर्तने, म्हणजे सहा मिनिटे.

तुकडा अगदी थोडा, सेकंदाच्या वीसाव्या भागाइतका जरी आखूड राहिला, तरी दर चौथ्या समेला गायकाला ठेच लागते. ही चूक डोळ्यांनी दिसत नाही. ती ओळखायची तर सांधा ऐकत हाताने टाळी द्या. टाळी आणि थाप वेगळी पडली की निवड पुन्हा करा.

लय वाढवायची असेल तर Change Tempo ने सूर न बदलता गती बदलते. पण दहा टक्क्यांपलीकडे गेलात तर थापेची धार बोथट होते. म्हणून मृदंगवाला समोर असतानाच 96, 108 आणि 120 अशा तिन्ही लयींत वाजवून घ्यावे. महिला मंडळाचा षड्ज काळी चार असेल, तर हीच साथ Change Pitch ने चढवू नका. एखाद-दुसरा स्वर चालतो. एवढ्या अंतरात मृदंग खेळण्यातला वाटू लागतो. त्यांच्यासाठी नवे मुद्रण करावे.

कोणाचा आवाज किती

बहुतेक घोटाळा येथे होतो. साथ तयार करताना आपण केवळ साथ ऐकतो आणि ती भरदार वाटेपर्यंत वाढवत नेतो. म्हणून गायकाचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून एका स्वतंत्र पट्टीवर ठेवा. तो अंतिम प्रतीत जाणार नाही, केवळ तुलनेसाठी आहे.

गायकाच्या आवाजाचे उंच टोक मीटरवर उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवा. मृदंगाचे टोक त्याच्याखाली सुमारे 6 डेसिबल, म्हणजे उणे 12 ला आणा. तंबोऱ्यासाठी आकडा नको, कान हवा. त्याची पट्टी पूर्ण खाली घ्या आणि हळूहळू चढवा. वाजताना लक्ष वेधत नाही, पण Mute केल्यावर काहीतरी गेले असे वाटते, ती त्याची जागा. टाळ जोडलात तर तो मृदंगाच्याही खाली राहू द्या, कारण त्याची झणकार शब्दांची व्यंजने झाकते.

सुरुवातीला पंधरा सेकंद केवळ तंबोरा ठेवा, म्हणजे गायकाला षड्ज मिळेल. मग एक आवर्तन मृदंग आणि पुढच्या समेपासून अभंग. शेवटी मृदंग थांबल्यावर तंबोरा आठ-दहा सेकंद चालू देऊन Fade Out ने विरवा. आता गायकाची पट्टी Mute करा आणि प्रत काढताना Mono निवडा. मंदिरातल्या ध्वनिक्षेपकाला अनेकदा एकाच बाजूची तार जोडलेली असते. टाळ दुसऱ्या बाजूला ठेवला असेल तर तो तेथे ऐकूच येत नाही. कर्ण्यातून खरजही फारसा येत नाही. म्हणून तो ऐकू यावा यासाठी खालचा आवाज वाढवत बसू नका. वाढतो तो केवळ घोगरेपणा.

साथीची मर्यादा

बाजारातल्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतून आवाज पुसून साथ काढण्याचा आडमार्ग घेऊ नये. संतांचे शब्द सर्वांचे आहेत, पण संगीतकाराने बांधलेल्या चालीवर त्याच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे, आणि मुद्रणावर प्रसिद्धीनंतर 60 वर्षे कायद्याने हक्क असतो. परंपरेची चाल आणि आपल्याच माणसाची थाप असली की हा प्रश्न उरत नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. भजन रंगात आले की गायक एखाद्या चरणावर थांबतो, तोच शब्द दहा वेळा आळवतो, आणि जिवंत मृदंगवाला त्याच्या डोळ्यांकडे पाहून थांबतो. पार्श्वसाथ थांबत नाही. गजराला लय चढत जाते, ती चढत नाही. म्हणून तिचा उपयोग सरावाला, नव्या गायकाच्या तयारीला आणि अभंगाच्या बांधीव भागापुरता करावा. गजर आला की ती बंद करून टाळ्या आणि टाळ यांवर म्हणावे.

ज्या दिवशी मृदंगवाल्याची पाळी सुटलेली असेल आणि तो दारात दिसेल, त्या दिवशी संगणक उघडूच नका. त्याची थाप आपण साठवून ठेवली ती तो नसताना मंडळ थांबू नये म्हणून, त्याची जागा भरून टाकण्यासाठी नव्हे. एवढा विवेक प्रत्येक मंडळाने राखावा, ही विनंती करून मी थांबतो.