ब्रँडेड की असेंबल्ड? पीसी बंद पडला तर तो उचलणार कोण, ते आधी विचारा

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तर आरामात ऐका. कमांड वगैरे लिहून घ्यायची गरज नाही, ते खाली ट्रान्स्क्रिप्टमध्ये दिलंय.

मागच्या महिन्यात मुलुंडहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणाला, "दादा, ग्राफिक्स कार्ड आणलंय, पण त्याला लावायला वायरच नाहीये." मी म्हटलं, नीट बघ, एसएमपीएसमधून 8 पिनची एक वायर लोंबत असेल. तो म्हणाला, "अरे, इथे एकही वायर लोंबत नाहीये."

त्याचा पीसी ब्रँडेड. दोन वर्षांपूर्वी घेताना मी त्याला असेंबल्ड घे म्हणत होतो. मावशी मध्ये पडली. तिचं म्हणणं सरळ होतं, "बिघडलं तर मी कोणाच्या दारात जाऊ? कंपनीचं घे." मग एका मोठ्या कंपनीचा ऑफिससाठीचा बारीक कॅबिनेटवाला पीसी घेतला, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसकट.

आता प्रामाणिकपणे सांगतो, मावशीचं बरोबर निघालं. पहिल्याच वर्षी मदरबोर्ड गेला. त्यानं टोल फ्री नंबरवर फोन केला, मागच्या स्टिकरवरचा नंबर सांगितला, त्यांनी फोनवरच दोन-तीन गोष्टी करून बघायला लावल्या, आणि तिसऱ्या दिवशी इंजिनिअर बोर्ड घेऊन घरी हजर. तासाभरात काम झालं, वर मावशीचा चहा पिऊन गेला. एक रुपया लागला नाही, कॅबिनेट घराबाहेर न्यावं लागलं नाही.

मग ग्राफिक्स कार्डाच्या वेळी काय झालं? त्यानं आणलं होतं आरटीएक्स 4060. हे कार्ड साधारण 115 वॉट खातं. मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो स्लॉट जास्तीत जास्त 75 वॉट देतो. बाकीची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या वायरनं यावी लागते. याच्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. मग एसएमपीएस बदलू म्हटलं, तर तेही जमेना. बाजारात मिळणाऱ्या एसएमपीएसची मदरबोर्डला लागणारी वायर 24 पिनची असते. बऱ्याच मोठ्या कंपन्या ऑफिसच्या पीसीत स्वतःचा बोर्ड आणि स्वतःचा सप्लाय वापरतात. त्याच्या पिना वेगळ्या, आकार वेगळा. म्हणजे बाहेरचा एसएमपीएस त्या कॅबिनेटमध्ये बसत नाही, आणि बसवला तरी बोर्डला थेट जोडता येत नाही. शिवाय कॅबिनेट बारीक, त्यामुळे पूर्ण उंचीचं कार्ड आत मावतच नव्हतं.

शेवटी दुकानदारानं कार्ड बदलून दिलं. आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं मॉडेल 70 वॉटमध्ये चालतं, म्हणजे स्लॉटच्या विजेत भागतं, आणि ते कमी उंचीच्या पट्टीसकटही मिळतं. ते बसलं, चालू झालं. पण त्याला जो वेग हवा होता तो काही मिळाला नाही. लग्नाचा सीझन त्यानं त्याच्यावरच काढला, रात्री एक्सपोर्ट लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं.

आता माझी बाजू. मी बोरिवलीला राहतो, माझा पीसी असेंबल्ड, स्टेशनजवळच्या एका डीलरकडून घेतलेला. पाच वर्षांत मी त्यात रॅम वाढवली, दुसरी एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड बदललं. प्रत्येक वेळी फक्त तो एक पार्ट विकत घेतला, बाकी मशीन तेच.

पण दुसऱ्याच वर्षी एका रविवारी रात्री मशीन बंद पडलं. बटण दाबलं तरी पंखाही फिरेना. आता असेंबल्ड पीसीच्या बाबतीत हे लक्षात घ्या की तुमच्याकडे एक वॉरंटी नसते, सात-आठ असतात. प्रोसेसरची सहसा तीन वर्षं, मदरबोर्डची तीन, एसएसडीची तीन किंवा पाच, चांगल्या एसएमपीएसची पाच किंवा त्याहूनही जास्त. वर्षं मोजली तर ब्रँडेडपेक्षा जास्तच भरतात. पण ही प्रत्येक वॉरंटी वेगळ्या कंपनीची असते, आणि त्यातली एकही कंपनी "तुमचं मशीन का बंद पडलं" ते शोधायला येत नाही. गेलेला पार्ट तुम्हीच शोधायचा, तुम्हीच काढायचा, तुम्हीच नेऊन द्यायचा.

सोमवारी सकाळी मी कॅबिनेट रिक्षात घालून डीलरकडे गेलो. त्यानं दुसरा एसएमपीएस जोडला, मशीन लगेच सुरू झालं. म्हणजे बाकी सगळं ठीक, एसएमपीएस गेलाय. तो त्याच्या कंपनीच्या अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला द्यायचा होता. तिथे काउंटरवर बिल मागितलं. माझ्या बिलावर लिहिलं होतं, "कॉम्प्युटर सेट, 1 नग" आणि खाली एकूण रक्कम. एसएमपीएसचं नाव नाही, सीरियल नंबर नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, हा पीस याच बिलातला आहे हे कशावरून? त्याचंही चूक नव्हतं.

परत बोरिवली. डीलरनं त्याच्या वितरकाचं जुनं बिल शोधलं, त्यावर तो सीरियल नंबर सापडला, मग लेटरहेडवर लिहून शिक्का मारून दिलं. पुन्हा अंधेरी. बदली एसएमपीएस मिळायला एकूण 16 दिवस लागले. फक्त त्या 16 दिवसांत माझं काम एकही दिवस थांबलं नाही, कारण डीलरनं सोमवारी संध्याकाळीच त्याच्याकडचा एक जुना एसएमपीएस लावून दिला होता. "नवीन आला की परत आणून द्या," एवढंच म्हणाला. ही सोय कुठल्याही वॉरंटी कार्डावर छापलेली नसते. मी तेच पार्ट चार वेगळ्या वेबसाइटवरून मागवले असते, तर ते 16 दिवस मी हात चोळत बसलो असतो.

म्हणून लॅमिंग्टन रोड की घराजवळचा डीलर, असं कोणी विचारलं की मी सांगतो, भावातला फरक जरूर बघा, पण मुलुंडहून ग्रँट रोडला कॅबिनेट घेऊन जाणं, दादरला गाडी बदलणं, हेही त्या भावात धरा. जवळचा डीलर थोडे जास्त घेत असेल, तर त्यात हा स्टँडबाय आणि तपासणी येते का ते त्याला स्पष्ट विचारा. येत नसेल, तर त्याला जास्त पैसे कशासाठी द्यायचे?

बिलाबद्दल जरा थांबून बोलू. "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" ही ऑफर तुम्हाला मिळणारच. कॉम्प्युटरवर जीएसटी 18 टक्के आहे, त्यामुळे मोह होतो. पण कच्च्या चिठ्ठीवर सात-आठही वॉरंट्या डळमळीत होतात. पक्कं बिल घ्या, प्रत्येक पार्टची वेगळी ओळ, पूर्ण मॉडेलचं नाव आणि सीरियल नंबर. प्रोसेसर डब्यातला आहे की सुटा, म्हणजे ज्याला ट्रे म्हणतात तो, हेही विचारा. सुट्या प्रोसेसरला सहसा कंपनी थेट दाद देत नाही, विकणाऱ्याकडेच जावं लागतं. आणि सगळे रिकामे डबे माळ्यावर टाकून ठेवा, आई ओरडली तरी.

मशीन घरी आलं की विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून या दोन ओळी चालवा:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Manufacturer, Product, SerialNumber
Get-PhysicalDisk | Select-Object FriendlyName, SerialNumber
```

पहिल्या ओळीनं मदरबोर्डचं मॉडेल आणि नंबर दिसतो, दुसरीनं एसएसडीचा, पण एनव्हीएमई एसएसडीत तो स्टिकरवरच्या नंबरापेक्षा वेगळाही दिसू शकतो, तेव्हा एसएसडीचा स्टिकर आणि डबा बघायचा. बिलाशी जुळवून बघा. काही बोर्डांवर नंबराच्या जागी नुसतं `Default string` येतं, तेव्हा बोर्डवरचा स्टिकर आणि डबा बघायचा. नंबर जुळत नसेल तर त्याच दिवशी डीलरकडे जा, दोन वर्षांनी नाही. आणि पक्कं बिल हातात असेल तर पुढे वाद झाल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करताना दाखवायला काहीतरी असतं.

ब्रँडेड घेणार असाल तर तपासणी वेगळी, आणि ती दुकानात जायच्या आधीच करायची. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या सपोर्ट साइटवर बहुतेक वेळा फुकट मिळतं. त्यात चार गोष्टी शोधा: एसएमपीएस किती वॉटचा, त्याला ग्राफिक्स कार्डाची जादा वायर आहे का, रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का, आणि दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का. वॉरंटी एक वर्षाची की तीन, आणि ऑनसाइट की मशीन नेऊन द्यायचं, हे बिलावर लिहून घ्या. तुम्ही स्वतः टाकलेली रॅम त्या वॉरंटीत येत नाही. व्होल्टेज वाढून जळालं तर तेही सहसा येत नाही, त्यामुळे यूपीएस दोन्हीकडे लागतोच. आणि भाव जुळवताना विंडोजही धरा. ब्रँडेडमध्ये ते सहसा किमतीतच असतं. असेंबल्डच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ नसेल, तर डीलर काय टाकून देणार आहे ते तुम्हाला कळलंच असेल.

मग कोणी काय घ्यावं? तुमचं काम पुढची चार वर्षं तसंच राहणार असेल, म्हणजे हिशेब, कोडिंगचे क्लास, ब्राउझर, आणि मशीन उघडायची तुमची तयारी नसेल, तर तीन वर्षांची ऑनसाइट असलेला ब्रँडेड घ्या. पण दोन वर्षांत मोठं ग्राफिक्स कार्ड लागणार हे आजच दिसत असेल, तर असेंबल्ड घ्या. आणि एसएमपीएस आजच्या कार्डापुरता नको, पुढच्या कार्डाचा हिशेब करून घ्या. नंतर बदलायचा खर्च तिथेच वाचतो.

मावसभावानं शेवटी काय केलं? जुना पीसी आता मावशीच्या शिकवणीच्या हिशेबाला, त्याची वॉरंटी अजून शिल्लक आहे. स्वतःसाठी तो मुलुंडच्याच एका डीलरकडून असेंबल्ड करून घेतोय. कोटेशन माझ्याकडे पाठवलं, प्रत्येक पार्टची ओळ वेगळी होती. मी त्याला एकच प्रश्न विचारायला लावला: पार्ट सर्व्हिसला गेला तर स्टँडबाय देणार का? डीलर म्हणाला, "लिहून नाही देणार, पण देईन." मावशी शेजारीच उभी होती. म्हणाली, "मग माझ्यासमोर बोललात, लक्षात ठेवा."

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या एरियातल्या डीलरनं बिलावर सीरियल नंबर लिहून द्यायला नकार दिला असेल, तर तो किस्सा व्हॉइस नोटनं पाठवा, दुकानाचं नाव न घेता. भेटू पुढच्या भागात.