दएव चुकले कुठे?

'देव' म्हटलं की आपले हात आपसूक जोडले जातात. जरथुष्ट्राच्या गाथांमध्ये याच शब्दाचा सख्खा भाऊ, 'दएव', निंदेचा आहे. मला त्या निंदेचं कारण फार लक्षणीय वाटतं. दएव जन्मतः दुष्ट होते, असं गाथा म्हणत नाही. त्यांनी निवड चुकीची केली, एवढंच ती म्हणते.

हा प्रसंग यस्नाच्या 30 व्या अध्यायात आहे. आरंभी दोन मैन्यू, म्हणजे दोन चैतन्यं, जुळी. विचारात, उच्चारात, आचारात एक चांगला, दुसरा वाईट. एकानं 'अश' म्हणजे सत्य पत्करलं. हा शब्द आपल्या 'ऋता'चा नातलग. दुसऱ्यानं असत्याची बाजू घेतली. तिचं नाव 'द्रुज', आणि आपला 'द्रोह' त्याच कुळातला. पुढे दएवांची पाळी आली. ते आपसांत विचार करत होते, आणि नेमकी तेव्हाच त्यांना भूल पडली. विचार करतानाही माणूस फसू शकतो, हे या ऋषीनं किती आधी ओळखलं होतं! म्हणूनच तो श्रोत्यांना बजावतो: ऐका, नीट पाहा, आणि प्रत्येकानं आपापल्यापुरतं ठरवा.

पुढे पहलवी ग्रंथांत या जुळ्यांच्या जागी थेट परमेश्वर अहुरमज्द आणि दुष्टात्मा अह्रिमन समोरासमोर उभे राहिले. मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांनी 1843 साली पारशांच्या धर्मावर पुस्तक लिहून याच द्वैतावर टीका केली. उत्तर मिळालं ते पुण्यातून. तिथे संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हौग या जर्मन पंडितांचे निबंध 1862 मध्ये प्रसिद्ध झाले. गाथांत देव एकच, अहुरमज्द. झगडा आहे तो दोन मैन्यूंमधला, असं त्यांचं म्हणणं. अनेक पारशांना ते पटलं. अभ्यासकांचा वाद मात्र मिटलेला नाही.

पण पहलवी ग्रंथांना नुसतं बिघडलेलं रूप म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. 'बुंदहिश्न'मध्ये अहुरमज्द माणसांच्या फ्रवशींना, म्हणजे जन्माआधीच्या आत्म्यांना, विचारतो: कायम इथंच सुरक्षित राहायचं, की देह घेऊन अह्रिमनशी लढायला उतरायचं? फ्रवशी उतरायचं कबूल करतात. म्हणजे देह ही शिक्षा नव्हे, आपणच मागून घेतलेली कामगिरी. म्हणूनच संसार सोडून रानात जाणं या धर्मात पुण्य नाही. तो रणांगणातून काढलेला पळ ठरतो.

आजही पारशी माणूस कस्ती सोडून पुन्हा बांधतो. ही लोकरीची दोरी 72 धाग्यांची, यस्नाच्या 72 अध्यायांएवढी. प्रार्थनेत अह्रिमनचं नाव आलं की तो कस्तीची टोकं झटकतो, आणि मग तिचे तीन वेढे कमरेला घेतो.