चार वाद्यांचा संवाद

१७८३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मोत्सार्ट ऑस्ट्रियांतील लिंझ या गांवीं येऊन उतरला. ४ नोव्हेंबरला तेथें त्याचा जलसा ठरला होता, आणि जवळ तर एकहि सिंफनी नव्हती. तेव्हां हाताशीं असलेल्या चार-पांच दिवसांतच त्यानें संपूर्ण वाद्यवृंदासाठीं एक नवी सिंफनी लिहून काढली. ती आजहि ‘लिंझ’ याच नांवानें वाजविली जाते. असा हा शीघ्र लेखणीचा माणूस; परंतु केवळ चार वाद्यांसाठीं सहा रचना पुऱ्या करावयास त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. पहिली ३१ डिसेंबर १७८२ रोजीं पुरी झाली आणि सहावी १४ जानेवारी १७८५ रोजीं. मधल्या काळांत त्यानें इतर पुष्कळ लिहिलें हें खरें. पण या सहा रचनांच्या हस्तलिखितांत जी खाडाखोड आढळते, ती त्याच्या इतर लेखनांत विरळाच. त्या छापतांना अर्पणपत्रिकेंत त्यानें स्वतःच त्यांना दीर्घ आणि कष्टाच्या परिश्रमाचें फळ म्हटलें. वाद्यें कमी झालीं कीं काम सोपें व्हावें, असें कोणासहि वाटेल. येथें मात्र तें उलट अवघड कां झालें?

या प्रकाराला ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ म्हणतात. आपण त्यास तंतुवाद्यांचें चतुष्टय म्हणूं. यांत दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो अशीं चार वाद्यें असतात. व्हायोला हा व्हायोलिनाहून थोडा मोठा आणि पांच स्वर खालीं लावलेला. चेलो त्याच्याहि खालीं एक सप्तक. चारहि वाद्यें एकाच घराण्यांतलीं, सर्व गजानें वाजणारीं, आणि म्हणून त्यांचा ध्वनि एकजातीचा. अवघडपणाचें पहिलें कारण येथेंच आहे. वाद्यवृंदांत एखादी कल्पना रोडावली तर ती बासरीकडून शिंगाकडे देऊन नवा रंग चढवितां येतो. चतुष्टयांत ही सोय फार थोडी. रंग बाजूला काढले म्हणजे उरते ती नुसती रेषा. आणि रेषा वांकडी गेली तर ती लगेच दिसते.

दुसरें कारण स्वरांच्या हिशेबांत आहे. पाश्चात्त्य संगीतांत निरनिराळे स्वर एकदम वाजवून त्यांचा मेळ साधतात, आणि असा साधा मेळ तीन स्वरांचा असतो. चार वाद्यें घेतलीं कीं तीन स्वर पुरे होऊन एक वाद्य मोकळें राहतें. तें कोणता स्वर दुणावणार, केव्हां गप्प बसणार, कीं स्वतंत्र कांहीं बोलणार, हें रचनाकाराला प्रत्येक क्षणीं ठरवावें लागतें. सतत सर्वांना वाजवीत ठेवलें तर गर्दी होते, आणि भलत्या ठिकाणीं एकाला थांबविलें तर पोकळी ऐकूं येते.

तिसरें कारण सामाजिक आहे. अठराव्या शतकांत चतुष्टय हें मुख्यतः घरांतलें संगीत होतें. चार स्नेही जमत, प्रत्येकापुढें त्याच्या वाद्याचा छापील भाग असे, आणि बहुधा वाजविणारे हेच ऐकणारेहि असत. अशा बैठकींत व्हायोला वाजविणाऱ्याच्या वांट्याला तासभर एकच ठेका आला तर त्याचा हिरमोड होणारच. प्रत्येकाला बोलावयास कांहींतरी मिळालें पाहिजे, ही अडचण हायडननें ओळखली. १७८१ सालच्या आपल्या सहा चतुष्टयांत त्यानें मुख्य सूर आणि साथ यांमधली भिंत पातळ केली. आतां जें दुय्यम वाद्य साथीचे दोन-चार स्वर वाजवीत होतें, त्याच स्वरांतून पुढच्या क्षणीं मुख्य विषय निघतो, आणि जो बोलत होता तो साथीला बसतो. पुढें १८२९ सालीं जर्मन कवि गटे यानें एका पत्रांत चतुष्टयाची तुलना चार सुज्ञ माणसांच्या संभाषणाशीं केली. ती सार्थ ठरते ती याच पालटामुळें.

हायडनचीं हीं चतुष्टयें अभ्यासूनच मोत्सार्ट कामाला लागला. तो काय शिकला, हें त्याच्या सहाव्या चतुष्टयाच्या आरंभीं स्पष्ट ऐकूं येतें. रचनेचा मूळ स्वर षड्ज धरिला तर आपल्या श्रोत्यांना तो प्रसंग सहज समजेल. संथ लयींत चेलो एकटाच षड्जाचे ठोके देऊं लागतो. त्यावर व्हायोला कोमल धैवत घेऊन येतो, मागोमाग दुसरें व्हायोलिन कोमल गांधार लावतें. कानाला एक गंभीर मेळ मिळाला असें वाटतें, तोंच व्हायोला पंचमावर उतरतो आणि पहिलें व्हायोलिन वरच्या सप्तकांत एकाएकीं शुद्ध धैवत लावतें. कोमल धैवताचा ठसा कानांत अद्याप ताजा असतांनाच हा शुद्ध धैवत येतो, आणि ऐकणारा चमकतो. प्रत्येक वाद्य वेगळें ऐकलें तर त्याचें बोलणें सरळ आहे. तिघेहि जवळजवळ तोच उद्गार एकामागून एक काढतात. खटका उडतो तो एकाच्या शब्दावर दुसऱ्याचा शब्द पडल्यामुळें. थोड्या वेळानें तोच प्रकार एक स्वर खालीं पुन्हां घडतो. बावीस मात्राखंड हा अंधार टिकतो, आणि मग द्रुत लयींत शुद्ध स्वरांचा प्रसन्न विषय सुरू होतो. या आरंभामुळें रचनेला ‘विसंवादी’ असें नांव पडलें. एकोणिसाव्या शतकांत फेतीस नांवाच्या विद्वानानें तर ती चूक समजून तो भाग ‘सुधारून’ दाखविला. सुधारलेल्या पाठांत खटका नाहींसा झाला. परंतु अंधारच राहिला नाहीं, तर पुढल्या उजेडाला अर्थ तो काय उरणार?

या परीक्षेंत नापास होण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एकांत पहिलें व्हायोलिन सर्व वेळ आपलें कौशल्य मिरवितें आणि बाकीचे तिघे पाटावर बसून हुंकार देतात. दुसऱ्यांत चौघेहि दोन-दोन तारा एकदम घासून वाद्यवृंदाचा आव आणितात. आवाज मोठा होतो, बोलणें कोणाचेंच कळत नाहीं. ओळखावयाची खूण सोपी आहे: दोन-तीन मिनिटें केवळ व्हायोलाकडे कान द्यावा. त्याला सांगावयाचें कांहीं आहे असें वाटलें, तर रचना बहुधा भक्कम आहे.

बेटोव्हनलाहि हा धडा सहजीं मिळाला नाहीं. १७९९ सालीं त्यानें एका चतुष्टयाची प्रत आपला मित्र आमेंडा यास भेट दिली. दोन वर्षांनीं त्यानेंच पत्र लिहून कळविलें कीं, ती प्रत कोणास देऊं नये; आपण ती पुष्कळ बदलली आहे, कारण चतुष्टय कसें लिहावें हें आपल्याला आतां कोठें उमगलें. आमेंडाची प्रत सुदैवानें राहिली आहे. दोन्ही पाठ शेजारीं ठेविले असतां दिसतें कीं, पहिल्या भागांत जो छोटा विषय सारखा पुन्हांपुन्हां येत होता, त्याचीं आवर्तनें त्यानें कमी केलीं. म्हणजे सुधारणा झाली ती भर घालून नव्हे, तर बोलणाऱ्यांना एकमेकांचें ऐकावयास जागा देऊन.

१२ फेब्रुवारी १७८५ रोजीं व्हिएन्नांत मोत्सार्टच्या घरीं नव्या सहांपैकीं शेवटचीं तीन चतुष्टयें वाजविलीं गेलीं. ऐकावयास स्वतः हायडन आला होता. तीं संपल्यावर त्यानें मोत्सार्टच्या वडिलांना सांगितलें कीं, आपल्या माहितींतील सर्व रचनाकारांत तुमचा मुलगा श्रेष्ठ आहे. त्याच्यापाशीं अभिरुचि आहे, आणि रचनेचें सखोल ज्ञानहि आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मोत्सार्टनें सहाहि रचना हायडनला अर्पण केल्या. ज्यानें चार वाद्यांना बोलावयास शिकविलें, त्याच्याशींच बोलण्यांत मोत्सार्टचीं तीं दोन वर्षें गेलीं होतीं.