जखम भरते, वेदना का उरते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एकच विकार निवडला आहे, तो म्हणजे नागीण. आपल्या मंडळींत असे घर विरळाच, जेथे ह्या विकाराने कोणी वडीलधारे माणूस गांजलेले नाही. नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांस भेटले की माणूस दगावतो, असा समज अजूनही ऐकू येतो. त्यात तथ्य नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचे विषाणू मज्जारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतात. वार्धक्यात प्रतिकारशक्ती मंदावली की एखाद्या गाठीतून ते जागे होतात आणि त्या एका मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतात. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूस असून मध्यरेषेपाशी संपतो. म्हणून फोडांचा पट्टाही बहुधा तेथेच थांबतो. भिण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. फोड सुकतात, खपल्या पडतात, आणि तरीही काहींची वेदना मात्र जात नाही.

ह्याचे कारण समजण्यासाठी वेदनेचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. तापलेल्या तव्यास बोट लागले की त्वचेतील सूक्ष्म तंतूंची टोके उद्दीपित होतात. काही तंतू संदेश त्वरेने नेतात, म्हणून प्रथम तीक्ष्ण चटका बसतो. काहींची गती सेकंदास सुमारे एक मीटर एवढीच असते, म्हणून मागाहून जळजळ जाणवते. भाजलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये निर्माण होऊन ती टोके अधिक हळवी होतात. त्वचा भरून आली की ही द्रव्ये ओसरतात आणि वेदना शमते. ही इजेची वेदना होय. येथे मज्जातंतू निरोगी असतो; तो केवळ निरोप्याचे काम करतो. आयब्युप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, म्हणून अशा वेदनेत ती उपयोगी पडतात.

नागिणीत निरोप्यालाच दुखापत होते. विषाणूंमुळे गाठीतील पेशी व त्यांचे तंतू होरपळतात. काही तंतू मरतात, त्यामुळे ती जागा बधिर होते. जे अर्धवट जगतात, ते कोणी स्पर्श न करताही आपोआप संदेश सोडू लागतात. म्हणूनच एकाच जागी बधिरता आणि आग, हे विपरीत वाटणारे जोडपे एकत्र नांदते. ही मज्जातंतूजन्य वेदना. त्वचेत दाह उरलेला नसल्यामुळे दाहशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, सत्तरीतील एका गृहस्थांना छातीच्या डाव्या बाजूस नागीण झाली. चार आठवड्यांत फोड बरे झाले. आज पाच महिने लोटले, तरी ते सदरा अंगास लागू देत नाहीत आणि पंख्याची झुळूकही त्यांना सोसवत नाही. घरच्यांस वाटते, “त्वचा तर स्वच्छ दिसते, हे मनाचेच खेळ असावेत.” अशा वेळी वैद्यांनी दहा लहान प्रश्नांची एक कसोटी लावावी. चारांचे वा अधिकांचे उत्तर होकारार्थी आले, तर वेदना मज्जातंतूजन्य असण्याचा संभव मोठा. ह्या गृहस्थांना आग होते, विजेसारखे झटके बसतात, मुंग्या येतात आणि जागा बधिर वाटते. हे चार झाले. टाचणी हलकेच लावली असता उजव्या बाजूपेक्षा डावीकडे कमी कळते, आणि मऊ ब्रश फिरवताच वेदना उसळते. हे आणखी दोन. दहांपैकी सहा होकार मिळाल्यावर हा मनाचा खेळ म्हणणे अन्याय होय. नागिणीचे फोड उठल्यानंतर तीन महिन्यांपलीकडे टिकणाऱ्या वेदनेस नागिणीपश्चात वेदना म्हणतात.

तथापि एक कोडे उरतेच. ब्रशाचा स्पर्श नेणारे तंतू वेदनेचे नव्हेत. मग स्पर्शच वेदना कसा झाला? शिवाय वेदनेचा प्रदेश व्रणांच्या सीमेबाहेर का पसरला? ह्याचे उत्तर मज्जारज्जूत सापडते. 1983 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पायास उष्णतेची इजा केल्यावर हलक्या स्पर्शानेही पाय आखडण्याची प्रतिक्रिया होऊ लागली. आणि इजेची जागा औषधाने बधिर केल्यावरही मज्जारज्जूतील ती वाढलेली उत्तेजना तत्काळ ओसरली नाही. अर्थात बदल केवळ पायात नव्हता, मज्जारज्जूतही झाला होता. ह्यास मध्यवर्ती संवेदनवृद्धी म्हणतात.

ती घडते कशी? वेदनेचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतील पेशींवर ग्लुटामेट नावाच्या द्रव्याचा वर्षाव होतो. त्या पेशींवरील एक दार एरव्ही मॅग्नेशियमच्या अणूने बंद असते. सततच्या माऱ्याने तो अणू दूर सरतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी अधिक हळवी बनते. वेदनेस आवर घालणाऱ्या पेशींचा प्रभावही क्षीण होतो. सभेतील ध्वनिक्षेपकाची कळ कोणी पिळून वाढवावी आणि कुजबुजही कर्ण्यातून गर्जना होऊन बाहेर पडावी, तसे हे आहे. वक्ता मोठ्याने बोलत नाही. यंत्रच वाढीव आवाजावर ठेवलेले असते. म्हणून सदऱ्याचा स्पर्श आग होऊन पोहोचतो.

मात्र रुग्णाच्या मज्जारज्जूत ही वृद्धी किती झाली, हे थेट मोजणारी तपासणी नित्याच्या रुग्णालयांत नाही. लक्षणांवरून अनुमानच करावे लागते. त्यामुळे प्रत्येक जुन्या दुखण्यास हे नाव चिकटवू नये. नव्याने ताप, सूज, अशक्तपणा वा वजन घटणे दिसले, तर दुसऱ्या कारणाचा शोध घेतलाच पाहिजे.

उपचाराची दिशा ह्यावरूनच ठरते. गॅबापेंटिन मज्जातंतूच्या टोकातून द्रव्ये सुटणे कमी करते. अॅमिट्रिप्टिलिन वेदनेस आवर घालणाऱ्या अंतर्गत मार्गांस बळ देते. वृद्धांत दोन्हींची सुरुवात अल्प मात्रेने करून ती हळूहळू वाढवावी. पहिल्याने घेरी येते व मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा कमी करावी लागते. दुसऱ्याने तोंड कोरडे पडते, लघवी अडते आणि हृदयरोग्यांस जपावे लागते. लिडोकेनची पट्टी अखंड त्वचेवर लावता येते. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत औषध टाकून देऊ नये. वेदना निम्म्यावर आली आणि झोप लागू लागली, तर ते यशच मानावे. ती पूर्ण नाहीशी होईल, असे वचन कोणीही देऊ नये.

शेवटी दोन गोष्टी घरोघर लक्षात ठेवाव्यात. एका बाजूस आग होऊन फोडांचा पट्टा उठला, तर 72 तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू व्हावे, म्हणून लेप वा मंत्रात वेळ दवडू नये. त्याने तीव्र दुखणे व फोड लवकर आटोक्यात येतात, तरी उत्तरकालीन वेदना हमखास टळेलच असे नाही. त्यापेक्षा नागीणच न होऊ देणे श्रेयस्कर. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठीची दोन मात्रांची लस 2023 पासून आपल्या देशातही मिळते. ती खर्चिक आहे, तरी आपल्या वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि घरातील वृद्ध “सदरा टोचतो” म्हणाले, तर त्यांच्या त्वचेकडे पाहून निवाडा करू नये.