पत्र कोणत्या देशातून आलं? ईमेलच्या हेडरमधल्या ‘रिसीव्ह्ड’ ओळींचं वाचन
(धार येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



धारला बसून तुम्ही देवासच्या बहिणीला जीमेलवरून पत्र पाठवलं आणि तिने त्या पत्राचं हेडर उघडून पाहिलं, तर त्यात तिला धार सापडणार नाही आणि देवासही नाही. सापडतील ती फक्त गूगलच्या यंत्रांची नावं. भाचा न्यू जर्सीतून लिहितो, त्याच्या पत्रातही तीच नावं असतात. म्हणून आज सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करू या. पत्र कोणत्या यंत्राने पाठवलं, हा एक. लिहिणारा माणूस कुठे बसला होता, हा दुसरा. हेडर पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी देतं. दुसऱ्याचं उत्तर ते कधीमधी, अर्धवट देतं. या दोहोंची गल्लत झाली की निर्दोष माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात. हे शेजारच्या महाराष्ट्रात घडलं आहे आणि त्याकडे मी येणार आहे.

आधी हेडर म्हणजे काय ते पाहू. जीमेलमध्ये पत्र उघडून तीन ठिपक्यांवर `Show original` निवडलं की पत्राचा कच्चा मजकूर दिसतो. त्यात `Received:` ने सुरू होणाऱ्या काही ओळी असतात. ईमेल वाहून नेण्याचे नियम १९८२ साली जोनाथन पोस्टेल यांनी लिहून काढले. पत्र ज्या ज्या सर्व्हरच्या हातून जाईल त्याने आपली एक ओळ पत्राच्या माथ्यावर चढवावी, असा नियम तेव्हापासून आहे. पोस्टाच्या पाकिटावर प्रत्येक कचेरीचा शिक्का पडत जावा तसंच हे. ओळ माथ्यावर चढते, म्हणून सर्वांत नवी ओळ वर आणि सर्वांत जुनी तळाशी. प्रवास वाचायचा तो खालून वर. विश्वास मात्र वरून खाली ठेवत जायचा. असं का, ते एका नमुन्यावर पाहू.

समजा, पीथमपूरच्या एका कारखान्याच्या लेखा विभागात पत्र आलं: आम्ही तुमचे जर्मनीतले पुरवठादार, आमचं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचं बिल नव्या खात्यावर भरा. त्याच्या हेडरमध्ये या दोन ओळी आहेत. यातली नावं आणि आकडे पुस्तकी उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, कोणा खऱ्या यंत्राचे नाहीत.

```
Received: from mail.maschinen.example
        (mail7.example.net [203.0.113.45])
        by mx.google.com with ESMTPS;
        Tue, 11 Mar 2025 02:14:09 -0700 (PDT)
Received: from [192.168.1.5]
        (unknown [198.51.100.23])
        by mail7.example.net with ESMTPSA;
        Tue, 11 Mar 2025 09:14:05 +0000
```

वरची ओळ `mx.google.com` ने, म्हणजे आपलं पत्र स्वीकारणाऱ्या गूगलच्या सर्व्हरने लिहिली आहे. तिच्यात `from` नंतर पहिलं नाव येतं `mail.maschinen.example`. हे नाव समोरच्या यंत्राने स्वतःच सांगितलेलं असतं. जोडणी होताना ते ‘मी अमुक’ म्हणतं आणि गूगल ते जसंच्या तसं टिपून घेतं. तिथे कोणीही काहीही म्हणू शकतो. कंसातला `203.0.113.45` हा आकडा मात्र गूगलने स्वतः पाहिलेला आहे. जोडणी होताना दोन्ही यंत्रांना एकमेकांना उत्तरं द्यावी लागतात. खोटा पत्ता दिला तर उत्तर भलतीकडे जाईल आणि जोडणीच होणार नाही. म्हणून या ओळीत चौकोनी कंसातला आकडाच खऱ्या वजनाचा. त्याच्याआधीचं `mail7.example.net` हे नाव गूगलने त्या आकड्यावरून उलट शोधून काढलं आहे. त्या दोन नावांचा मेळ नाही. पहिली शंका इथेच घ्यायची.

आता खालची ओळ. ती `mail7.example.net` ने लिहिली, असं ती म्हणते. पण हा सर्व्हर कोणाचा, ते आपल्याला ठाऊक नाही. तो ठगाचाच असेल तर ही ओळ त्याने हवी तशी रचलेली असू शकते. पत्र पाठवण्यापूर्वीच त्यात चार बनावट `Received` ओळी घालून ठेवता येतात आणि खऱ्या ओळी त्यांच्या वर चढत जातात. म्हणून नियम असा: आपल्या विश्वासातल्या सर्व्हरने लिहिलेली सर्वांत खालची ओळ शोधा, तिच्या चौकोनी कंसातला आकडा घ्या आणि पुरावा म्हणून तिथे थांबा. त्याखाली जे असेल ते फक्त सांगोवांगी. अनेकजण तळाची ओळ उचलतात आणि ‘मूळ ठिकाण’ मिळालं असं मानतात. बनावट ओळी त्यांच्यासाठीच लिहिलेल्या असतात.

तळाची ओळ खरी धरली, तरी `192.168.1.5` हा आकडा कोणत्याच देशाचा नाही. `192.168.` किंवा `10.` ने सुरू होणारे पत्ते घरातल्या, कचेरीतल्या अंतर्गत जाळ्याचे असतात आणि ते जगात लाखो ठिकाणी एकाच वेळी वापरात आहेत. जीमेलच्या हेडरमध्ये `2002:a05:` ने सुरू होणारे लांबलचक पत्ते दिसतात. तेही गूगलचे आतलेच आहेत, `10.5` च्या पत्त्यांनी नवा पोशाख घातलेला. ते देश सांगणाऱ्या संकेतस्थळावर टाकून काही निष्पन्न होत नाही.

वेळेबद्दलही एक गोष्ट. वरच्या ओळीत `-0700` आहे म्हणून पत्र अमेरिकेतून आलं, असा निष्कर्ष मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकला आहे. तो चूक आहे. जीमेलचा स्वीकारणारा सर्व्हर सरसकट कॅलिफोर्नियाची वेळ लिहितो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे पावणेतीन होत आले होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता आकड्यावरून देश. आयपी पत्त्यांचे गट पाच प्रादेशिक संस्था वाटतात. आपल्या बाजूची एपनिक ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे, युरोपची राइप ॲमस्टरडॅमला. त्यांच्या नोंदवहीत `whois` ने विचारलं की गट कोणाच्या नावे आहे ते कळतं आणि `country` असा रकानाही येतो. समजा, आपल्या नमुन्यात तिथे `NL`, म्हणजे नेदरलँड्स आलं. तो रकाना पत्त्यांच्या नोंदीचा असतो, यंत्राचा नव्हे. अमेरिकी कंपनीच्या नावे नोंदलेला पत्ता तिच्या मुंबईतल्या यंत्राला दिलेला असू शकतो. देश-शहर सांगणारी संकेतस्थळं यापुढे जाऊन अंदाज बांधतात. तो अंदाज किती फसतो, याचं एक उदाहरण २०१६ साली उजेडात आलं. मॅक्समाइंड या कंपनीच्या नोंदींत ज्या पत्त्यांचा ‘अमेरिका’ यापलीकडे ठावठिकाणा नव्हता, त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिलेला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर पडत होता. साठ कोटींच्या आसपास पत्ते त्या एका शेतावर चिकटले होते आणि तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं चोर, ठग समजून लोक आणि पोलीस गाठत राहिले.

बरं, नेदरलँड्स खरंच मानू. पुरवठादार जर्मनीचा आणि सर्व्हर नेदरलँड्सचा, म्हणजे पत्र खोटं ठरलं का? नाही. जर्मन कंपनीने आपली टपाल मायक्रोसॉफ्टकडे ठेवली असेल तर तिची खरी पत्रंही मायक्रोसॉफ्टच्याच यंत्रांतून येणार आणि ती यंत्रं जर्मनीतच असतील असं नाही. त्या हेडरमध्ये `eurprd` असं काही दिसतं आणि भारतातल्या खात्यांच्या बाबतीत `INDPRD`. कंपनीचं खातं कोणत्या प्रदेशात ठेवलं आहे, ते त्यावरून कळतं. लिहिणारा त्या दिवशी कुठे होता, ते कळत नाही. म्हणून लेखा विभागाने देशाच्या मागे लागू नये. त्याच पुरवठादाराचं गेल्या वर्षीचं, ज्याचे पैसे बिनतक्रार पोहोचले असं पत्र काढावं आणि दोन्ही हेडर शेजारी ठेवावीत. जुनं पत्र मायक्रोसॉफ्टच्या वाटेने आलं होतं आणि नवं `mail7.example.net` वरून येत असेल, तर हा फरक देशाच्या नावापेक्षा पुष्कळ बोलका आहे. मग जुन्या बिलावरच्या फोन नंबरवर फोन करावा. नव्या पत्रातल्या नंबरवर नव्हे.

आता २००८ सालाकडे येतो. २६ जुलैच्या संध्याकाळी अहमदाबादेत स्फोटांची मालिका झाली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना याहूच्या खात्यावरून धमकीचं पत्र पोहोचलं होतं. त्या काळी याहूच्या संकेतस्थळावरून पाठवलेल्या पत्राच्या तळाशी या धाटणीची ओळ असे:

```
Received: from [203.0.113.77] by web12345.mail.mud.yahoo.com
        via HTTP; ...
```

ही ओळ याहूची स्वतःची, म्हणून विश्वासाची. पाठवणारा सर्व्हर याहूचा, म्हणजे देश पाहिलात तर अमेरिका. पण `via HTTP` म्हणजे ब्राउझरमधून, आणि कंसातला पत्ता ते पान उघडून बसलेल्याच्या जोडणीचा. एकाच ओळीत सर्व्हर एका देशाचा आणि लिहिणारा दुसऱ्या देशात. पत्राचा तपास आयपी पत्त्यावरून नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचला. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होते. पत्ता बरोबर होता, जोडणी त्यांचीच होती. पण त्यांचं वायफाय उघडं होतं आणि पत्र लिहिणारा कोणी तिसराच. पुढे ऑगस्टमध्ये आलेलं तसंच एक पत्र माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वायफायवरून गेल्याचं निघालं आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचं पत्र चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही वेळा आकडा खरा, देश खरा, पत्तासुद्धा खरा आणि माणूस मात्र त्या पत्त्यावरचा नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवरच्या हल्ल्याची जबाबदारी घेणारं पत्र आलं, तेव्हा आधी रशियातल्या सर्व्हरच्या बातम्या आल्या. हल्लेखोर कुठून आले होते, ते आपण जाणतोच. मधे दुसऱ्या देशाचा सर्व्हर ठेवून पत्र पाठवलं की हेडर त्या सर्व्हरचाच देश सांगणार. त्याला दुसरं काही माहीतच नसतं.

आज लिहिणाऱ्याचा पत्ता मोठ्या सेवांच्या हेडरमध्ये सहसा मिळत नाही. जीमेलच्या संकेतस्थळावरून लिहिलेल्या पत्रात तो नसतोच. जिथे मिळतो तिथेही आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात. त्यांतला नेमका कोण, हे शोधायला कंपनीला पत्ता, अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक अशी तिन्ही माहिती लागते. पोर्ट क्रमांक हेडरमध्ये बहुधा लिहिलेला नसतो. तो पत्र स्वीकारणाऱ्या सेवेच्या नोंदीत असला तर असतो.

म्हणून ठगीचं पत्र आलं तर ते पुसू नका आणि त्याचा नुसता फोटोही काढून ठेवू नका. `Show original` मधून मूळ मजकूर फाइल म्हणून उतरवून घ्या. वेळ लिहिताना `-0700` किंवा `+0000` सकट, सेकंदांसह जशीच्या तशी लिहा, कारण तासांचा फरक पडला की त्या पत्त्यामागचा ग्राहकच बदलतो. तक्रारीत ‘पत्र नेदरलँड्समधून आलं’ असं लिहू नका. ‘आमच्या टपाल सेवेला हे पत्र या आयपी पत्त्यावरून या वेळी मिळालं’ असं लिहा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा, हेडरचा अभ्यास नंतर होईल. आणि उशीर करू नका. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार भारतातल्या सेवांना आपल्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. सर्व्हर परदेशी असेल तर त्याला आपला हा आदेश लागू असेलच असं नाही, तिथल्या नोंदी कधी पुसल्या जातील ते तिथल्या मालकावर आहे.