गच्चीवरचे सोलर : छापील आकडा आणि खरा हिशेब
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मी राज्य शासनाच्या नोकरीत आहे, शिक्षण डिप्लोमा, आणि विजेच्या कामाशी रोजचा संबंध. त्यामुळे आपल्या इंदूरमध्ये गच्चीवर सोलर बसवायचे ठरले की बरेच जण माहितीपत्रक घेऊन विचारायला येतात. आपल्या मंडळातले काही तरुणही आता याच व्यवसायात आहेत. म्हणून आज एकच गोष्ट सांगतो : माहितीपत्रकात बचत कशी मांडावी, म्हणजे घरमालकाला ती स्वतः तपासता येईल.

तीन किलोवॅटचा संच घेऊ. समजा किंमत १,८०,००० रुपये. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. तुमच्या खिशातून शेवटी जातात १,०२,०००. मात्र अनुदान संच सुरू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय करावी लागते, आणि हे पत्रकात स्पष्ट लिहिले पाहिजे.

आता नेहमीचा हिशेब पाहा. एक किलोवॅटमागे रोज ५ युनिट, म्हणजे तिनाचे १५, वर्षाचे ५,४७५. त्याला ८ रुपयांनी गुणले की ४३,८०० रुपये बचत. पैसे सव्वादोन वर्षांत वसूल! गुणाकार बरोबर आहे, चूक गृहीतकांत आहे.

पहिले गृहीतक उत्पादनाचे. ५ युनिट हा उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवसाचा आकडा. पावसाळ्यातले ढग, पॅनलवरची धूळ, शेजारच्या टाकीची सावली धरली तर वर्षाची सरासरी किलोवॅटमागे रोज ४ युनिटच्या आसपास येते. थोडे हातचे राखून आपण वर्षाला ४,२०० युनिट धरू.

दुसरे गृहीतक दराचे. घर महिन्याला ३०० युनिट, म्हणजे वर्षाला ३,६०० युनिट वापरते. उरलेली ६०० युनिट ग्रिडमध्ये जातात. नेट मीटरिंगमध्ये ती पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटला आपण भरतो तो दर मिळत नाही, बराच कमी मिळतो. आपण २ रुपये धरू, म्हणजे १,२०० रुपये.

वापरलेल्या युनिटची किंमत ठरवताना सरसकट दर घेऊच नका. मागच्या बारा बिलांची बेरीज करा. समजा ती २६,४०० आली. सोलर बसवले तरी स्थिर आकार वगैरे भरावेच लागते, ते वर्षाला ३,००० धरा. विजेवर वाचले २३,४००, त्यात शिलकीचे १,२००, एकूण २४,६००. त्यातून पॅनल धुणे व देखभाल यांचे १,५०० वजा करा. पॅनल पंचवीस वर्षे चालतात, पण इन्व्हर्टर साधारण दहा वर्षांनी बदलावा लागतो. त्यासाठी वर्षाला ३,००० बाजूला ठेवा. हाती राहिले २०,१००. आता १,०२,००० भागिले २०,१०० म्हणजे सुमारे पाच वर्षे. पाच वर्षांतही सौदा चांगलाच आहे, मग सव्वादोन कशाला छापायचे? कर्ज काढले असेल तर व्याजही वजा करा.

इथे आपल्या मध्य प्रदेशची एक खास गोष्ट आहे. अटल गृहज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. दोघेच राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी महिन्याला १०० युनिट लागत असतील, तर वर्षाचे बिल साधारण १,२०० रुपये. त्यांना हाच संच विकणे म्हणजे त्यांची पुंजी गच्चीवर अडकवणे. म्हणून पत्रकावर ठळक लिहा : हा हिशेब महिना ३०० युनिटच्या घराचा आहे.

पत्रक बनवणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. माझे आकडे नमुन्याचे आहेत. पत्रकात नमुन्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी एक रिकामा रकाना ठेवा : बारा बिलांची बेरीज, युनिट, किंमत, अनुदान, स्थिर आकार, देखभाल. ग्राहक आपले आकडे भरेल आणि भागाकार स्वतः करेल. वीज दरवर्षी महाग होईल असे धरून बचत फुगवू नका. दरवाढ दाखवायचीच असेल तर वेगळ्या ओळीत दाखवा.

बसवल्यानंतरची तपासणीही छापा. इन्व्हर्टरवर महिन्याचे उत्पादन दिसते, बिलावर ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली युनिट दिसतात. उत्पादन अधिक घेतलेली वजा दिलेली, हा घराचा खरा वापर. उत्पादन ३६०, घेतलेली १७०, दिलेली २३०, तर वापर ३००. तो एकदम वाढलेला दिसला तर बचत का घटली ते कळते. बहुधा नवा एसी आलेला असतो. वापर तेवढाच असून स्वच्छ उन्हाच्या महिन्यात उत्पादन खाली आले, तर आधी धूळ आणि सावली पाहा, मग बसवणाऱ्याला बोलवा.

ज्या पत्रकावर ग्राहक पेन्सिल चालवू शकतो, त्याच पत्रकावर सही करा.